स्टार लोडची पॉवर: १३.८, २३.९ की ४१.३ किलोवॅट?

प्रश्न: इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणित असं: ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झच्या थ्री फेज सप्लायवर तीन सारख्या कॉइल स्टारमध्ये जोडल्यात. प्रत्येकीचा रेझिस्टन्स ८ ओहम, रिअॅक्टन्स ६ ओहम. एकूण पॉवर किती? माझं उत्तर २३.९ किलोवॅट येतंय, मित्राचं ४१.३ आणि पुस्तकात १३.८ दिलंय. फॉर्म्युले दोघांचेही बरोबर आहेत. √3 नेमका कुठे घ्यायचा हे कुणी नीट सांगेल का? आणि लॅबमध्ये हे मोजून कसं बघायचं?

उत्तर:

पुस्तकातलं उत्तर बरोबर आहे. तुमचे तिन्ही आकडे एका ओळीत मांडून बघा. १३.८ ला १.७३२ ने गुणलं की २३.९ येतात, आणि त्याला पुन्हा १.७३२ ने गुणलं की ४१.३. म्हणजे √3 तुमच्या हातून एकदा निसटलाय आणि मित्राच्या हातून दोनदा. कुठे निसटला तेही आकड्यांवरूनच कळतं.

तुम्ही ४१५ ला १० ने भागून ४१.५ अँपिअर करंट काढलात आणि तो √3 × V × I × cosφ मध्ये घातलात. या फॉर्म्युल्यात लाइन व्होल्टेज लागतं, ते ४१५ तुम्ही बरोबर घेतलंत. पण करंट काढताना कॉइलवर ४१५ व्होल्ट आहेत असं धरलंत, आणि ते नाहीत. मित्राने तोच ४१.५ अँपिअर घेतला, आणि 3 × V × I × cosφ या फेजच्या फॉर्म्युल्यातही व्होल्टेज ४१५ च ठेवलं. त्यामुळे त्याचे व्होल्टेज आणि करंट दोन्ही √3 पट जास्त झाले आणि पॉवर थेट तिप्पट झाली. दोघांची गोची एकच आहे: स्टारमधल्या एका कॉइलला प्रत्यक्षात किती व्होल्ट मिळतात, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

तर तिथूनच सुरुवात करू. स्टारमध्ये प्रत्येक कॉइलचं एक टोक लाइनला असतं, आर, वाय किंवा बी, आणि उरलेली तिन्ही टोकं एकत्र बांधलेली असतात. त्या गाठीला स्टार पॉइंट म्हणायचं. मल्टिमीटरची एक प्रोब आरवर आणि दुसरी वायवर ठेवली की लाइन व्होल्टेज दिसतं. एक आरवर आणि एक स्टार पॉइंटवर ठेवली की फेज व्होल्टेज दिसतं. कॉइलची दोन टोकं म्हणजे आर आणि स्टार पॉइंट, त्यामुळे तिला फेज व्होल्टेजच मिळतं. आर आणि वायच्या मधे तर एक नाही, दोन कॉइल आहेत. करंटचं मात्र सोपं आहे. आर लाइनमधून आलेल्या करंटला आर कॉइलमधून जाण्याशिवाय दुसरी वाटच नाही, म्हणून स्टारमध्ये लाइन करंट आणि फेज करंट एकच. इथे √3 चा संबंध येत नाही.

आता व्होल्टेजमध्ये तो येतो कुठून? आर आणि वायमधलं व्होल्टेज म्हणजे आरच्या पातळीतून वायची पातळी वजा करायची. गच्ची जमिनीपासून वर आणि विहिरीचा तळ जमिनीपासून खाली असेल तर दोघांमधल्या अंतरात दोन्ही मापांची बेरीज होते, तसंच हे. म्हणून पहिल्यांदा वाटतं की लाइन व्होल्टेज फेजच्या दुप्पट असायला हवं. ते दुप्पट होत नाही, कारण आर जेव्हा सगळ्यात वर असतो तेव्हा वाय सगळ्यात खाली नसतो. त्यांच्यात १८० नाही, १२० अंशांचं अंतर आहे.

हे फेजर आकृतीशिवाय, नुसत्या आकड्यांत बघा. फेज व्होल्टेज २३९.६ व्होल्ट धरलं तर त्याचं शिखर त्याच्या √2 पट, म्हणजे सुमारे ३३८.८ व्होल्ट. आर शिखरावर असतो त्या क्षणी तो +३३८.८ वर असतो आणि वाय व बी दोघंही −१६९.४ वर. आर आणि वायमधलं अंतर झालं ५०८.२. पण हे त्यांच्यातलं सगळ्यात मोठं अंतर नव्हे. ३० अंश मागे या, म्हणजे आर अजून शिखरावर चढतोय तो क्षण. तेव्हा आर +२९३.४ वर आहे, वाय −२९३.४ वर आणि बी बरोबर शून्यावर. अंतर ५८६.८. सगळ्यात मोठं अंतर हेच. त्याला √2 ने भागा, ४१५ मिळतात. आणि ५८६.८ ला ३३८.८ ने भागा, १.७३२ मिळतात.

या एका क्षणात दोन गोष्टी एकदम दिसतात. एक म्हणजे √3 हा आकडा: दोन्ही फेज शिखराच्या ०.८६६ पटीवर उलट दिशांना आहेत, आणि ०.८६६ ची दुप्पट १.७३२. दुसरी म्हणजे लाइन व्होल्टेजचं शिखर फेज व्होल्टेजच्या शिखराच्या ३० अंश आधी येतं. हे ३० अंश लक्षात ठेवा, वॉटमीटर लावताना तेच तुम्हाला गोंधळात टाकणार आहेत.

ओघात आलंय म्हणून सांगतो. ४१५ बरोबर २४० जातात आणि ४०० बरोबर २३०. जुन्या मोटरच्या पाटीवर ४१५ दिसतं आणि घरातल्या सॉकेटवर २३० म्हणायची सवय असते, म्हणून बरेच जण गणितात लाइनला ४१५ आणि फेजला २३० घेतात. ४१५ भागिले २३० म्हणजे १.८०, ते √3 नव्हे. पॉवर व्होल्टेजच्या वर्गावर चालते, त्यामुळे २३९.६ च्या जागी २३० घेतले की उत्तर जवळजवळ ८ टक्क्यांनी कमी येतं. लाइन दिली असेल तर फेज तिच्यावरूनच काढायची, पाठ असलेला आकडा घालायचा नाही.

आता तुमचं गणित:

```
Z    = √(8² + 6²) = 10 Ω
cosφ = 8 / 10 = 0.8 (lag)
V_ph = 415 / √3 = 239.6 V
I_ph = 239.6 / 10 = 23.96 A
I_L  = I_ph = 23.96 A

P = 3 × 239.6 × 23.96 × 0.8 = 13778 W
```

मी नेहमी दुसऱ्या वाटेने पडताळून घेतो, आणि त्या वाटेत पॉवर फॅक्टर येऊच देत नाही. कॉइलमध्ये पॉवर खर्च होते ती फक्त रेझिस्टन्समध्ये. म्हणून २३.९६ चा वर्ग ५७४.१, गुणिले ८ ओहम, एका कॉइलचे सुमारे ४५९३ वॉट, आणि तिन्ही मिळून पुन्हा १३७७८. करंट चुकला असता तर इथेही चुकलाच असता, पण cosφ च्या जागी sinφ घातला गेला असेल किंवा रेझिस्टन्सऐवजी इम्पिडन्सने गुणलं असेल तर ते इथे लगेच उघडं पडतं.

तिसरी वाट √3 × V_L × I_L × cosφ ची. तीही वेगळी नाही. ३ फेजच्या पॉवरमध्ये V_ph च्या जागी V_L/√3 घाला, 3/√3 म्हणजे √3 उरतो, झालं. हा फॉर्म्युला लोकांना आवडतो, कारण पॅनेलवर व्होल्टमीटर लाइनचा असतो आणि अॅमीटरही लाइनचा, त्यामुळे लोड स्टार आहे की डेल्टा हे न बघता आकडे सरळ घालता येतात. धोकाही तिथेच आहे. मोजलेला करंट घातला तर तो चुकवणं अवघड. करंट स्वतः काढायचा असेल तर मात्र जोडणी बघावीच लागते. तुमचं तेच झालं.

आणि यात φ कोणता? कॉइलवरचं फेज व्होल्टेज आणि तिच्यातून जाणारा करंट यांच्यातला कोन. फॉर्म्युल्यात V_L आणि I_L एकमेकांशेजारी लिहिलेले असतात म्हणून अनेकांना वाटतं की φ त्या दोघांमधला आहे. तसा नाही. V_L आणि I_L मधल्या कोनात वरचे ३० अंश मिसळलेले असतात. कोन कॉइलचाच घ्यायचा: रिअॅक्टन्स भागिले रेझिस्टन्स, ६ भागिले ८, tanφ ०.७५, φ ३६.८७ अंश.

एका फेजची पॉवर काढून तिला सरळ ३ ने गुणता येतं, तेही जरा थांबून बघण्यासारखं आहे. एकट्या कॉइलकडे बघितलं तर तिची पॉवर स्थिर नसते. ५० हर्ट्झच्या सप्लायवर ती सेकंदाला १०० वेळा वरखाली होते. तुमच्या कॉइलमध्ये ती सुमारे १०३३३ वॉटपर्यंत चढते आणि −११४८ वॉटपर्यंत उतरते. उणे म्हणजे त्या थोड्या वेळात कॉइल चुंबकीय क्षेत्रात साठवलेली ऊर्जा सप्लायला परत देते. सरासरी ४५९३. पण तिन्ही कॉइलचे हे चढउतार एकमेकांना पूर्ण मारतात, आणि कुठल्याही क्षणी बेरीज केली तरी १३७७८ च येते. थ्री फेज मोटर सिंगल फेजसारखी थरथरत नाही, त्याचं मूळ इथे आहे.

आता लॅब. ४१५ व्होल्ट थेट लावून २४ अँपिअर खेचायची काहीच गरज नाही. थ्री फेज व्हेरिअॅक घ्या आणि लाइन टू लाइन १०० व्होल्ट करा. आकडे गोल येतात आणि कॉइलही तापत नाहीत. फेज व्होल्टेज ५७.७ दिसायला हवं, प्रत्येक लाइनमध्ये करंट ५.७७ अँपिअर आणि एकूण पॉवर बरोबर ८०० वॉट. हे ८०० पुन्हा ४१५ वर न्यायचे तर ४.१५ च्या वर्गाने, म्हणजे १७.२२ ने गुणायचं, आणि १३७७८ परत हातात येतात. कॉइल लोखंडी गाभ्याची असेल तर मात्र व्होल्टेज वाढताना तिचा रिअॅक्टन्स बदलतो, तेव्हा हा वर्गाचा हिशेब काटेकोर राहत नाही. हवेच्या गाभ्याची असेल तर काही अडचण नाही.

पॉवर मोजायला तुमच्याकडे बहुधा दोन वॉटमीटरची पद्धत लावतील. एका मीटरची करंट कॉइल आर लाइनमध्ये, दुसऱ्याची बी लाइनमध्ये, आणि दोन्ही प्रेशर कॉइलची मोकळी टोकं वायवर. न्यूट्रल लागत नाही. मीटर वाचायला गेलात की पहिला धक्का बसतो: लोड तर तंतोतंत समतोल आहे, मग दोन मीटर ४००–४०० का दाखवत नाहीत? आरमधला मीटर दाखवेल सुमारे २२७ वॉट आणि बीमधला सुमारे ५७३.

कारण तेच ३० अंश. हे मीटर फेज व्होल्टेज बघत नाहीत, लाइन व्होल्टेज बघतात. आरच्या मीटरला मिळतं आर–वाय व्होल्टेज, ते आर फेजच्या ३० अंश पुढे. आणि आरचा करंट फेजच्या ३६.८७ अंश मागे. दोघांत झाले ६६.८७ अंश. बीच्या मीटरला बी–वाय मिळतं, ते बी फेजच्या ३० अंश मागे आहे, त्यामुळे तिथे करंटशी फक्त ६.८७ अंशांचा फरक उरतो.

```
W1 = 100 × 5.77 × cos 66.87° = 227 W
W2 = 100 × 5.77 × cos 6.87°  = 573 W
W1 + W2 = 800 W

tanφ = √3 × (573 − 227) / 800 = 0.75
```

एकेकटा आकडा कुठल्याही कॉइलची पॉवर नाही. प्रत्येक कॉइल २६७ वॉट घेतेय आणि दोन्हीपैकी एकही मीटर २६७ दाखवत नाही. बेरजेलाच अर्थ आहे. दोन्ही आकडे सारखे आले तर समजायचं पॉवर फॅक्टर १, म्हणजे लोड निव्वळ रेझिस्टिव्ह. पॉवर फॅक्टर ०.५ ला आला की एक मीटर शून्यावर जातो, आणि त्याच्याही खाली गेला की त्याचा काटा उलटा मारतो. अशा वेळी सप्लाय बंद करायचा, त्या मीटरच्या करंट कॉइलची टोकं उलटी करायची आणि येणारं रीडिंग उणे धरायचं. पोरं इथे मीटर बिघडला म्हणून सोडून देतात, किंवा उलटी करून घेतलेलं रीडिंग अधिकच धरतात. दुसरी चूक वाईट, कारण उत्तर दिसायला ठीक दिसतं.

तुमच्या लॅबमध्ये मोठा आकडा आरच्या मीटरवर आणि लहान बीच्या मीटरवर आला तरी घाबरू नका. सप्लायचा फेज सीक्वेन्स उलटा आहे, एवढंच. बेरीज तीच राहील.

लॅब हाताशी आहे तोवर अजून एक प्रयोग करून घ्या. त्याने स्टार पॉइंट म्हणजे काय ते कायमचं कळतं. तिन्ही कॉइल सारख्या असताना स्टार पॉइंट आणि व्हेरिअॅकचा न्यूट्रल यांच्यात मल्टिमीटर लावा. वायर जोडू नका, नुसतं मोजा. जवळजवळ शून्य येईल. तिन्ही करंटची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य असते, त्यामुळे न्यूट्रलची वायर असो वा नसो, स्टार पॉइंट न्यूट्रलच्याच पातळीला बसतो. V_L/√3 चा सगळा डोलारा याच्यावर उभा आहे. एखादा व्होल्ट दिसला तर चालेल. पाच-दहा व्होल्ट दिसले तर कॉइल सारख्या नाहीत किंवा कुठेतरी जोड सैल आहे.

आता सप्लाय बंद करून आर कॉइलचं लाइनकडचं टोक सोडा, ते नीट झाका आणि पुन्हा १०० व्होल्ट द्या. न्यूट्रल जोडलेला नाही, हे लक्षात असू द्या. आता वाय आणि बी कॉइल सिरीजमध्ये १०० व्होल्टवर आल्या. इम्पिडन्स २० ओहम, करंट ५ अँपिअर, पॉवर ५ चा वर्ग गुणिले १६ ओहम, ४०० वॉट. तीनपैकी एक कॉइल गेली तर पॉवर एक तृतीयांशाने कमी व्हायला हवी, असं पटकन मनात येतं, पण ती निम्मी झाली. न्यूट्रल जोडलेला असता तर खरोखरच दोन तृतीयांश राहिली असती, ५३३ वॉट, आणि न्यूट्रलमधून पूर्ण ५.७७ अँपिअर वाहिला असता.

स्टार पॉइंट–न्यूट्रल मीटरवर आता २८.९ व्होल्ट दिसतील, म्हणजे फेज व्होल्टेजच्या बरोबर निम्मे. स्टार पॉइंट वाय आणि बीच्या मधोमध सरकला. दोन्ही कॉइलना ५७.७ ऐवजी ५०–५० व्होल्ट मिळतायत. हीच गोष्ट ४१५ वर झाली तर स्टार पॉइंट न्यूट्रलपासून सुमारे १२० व्होल्टवर जातो. न्यूट्रल नसलेल्या हीटर बँकेत स्टार पॉइंटला 'तिथे तर शून्यच असतो' म्हणून हात लावणाऱ्यांसाठी हा आकडा सांगतोय.

कारखान्यात हे रोज उपयोगी पडतं. थ्री फेज ओव्हन तापायला एरवीपेक्षा दुप्पट वेळ घेतोय अशी तक्रार आली, न्यूट्रल नसलेला स्टार असला, आणि टोंग टेस्टरवर एका लाइनला शून्य व बाकी दोन लाइनना सारखाच पण नेहमीच्या ८७ टक्के करंट दिसला, की एक फेज तुटलाय हे नक्की. ८७ टक्के म्हणजे पुन्हा तेच ०.८६६. मग प्रश्न उरतो तो फेज कुठे तुटला: हीटरच्या आत, की त्याच्या अलीकडे फ्यूज किंवा काँटॅक्टरमध्ये? ते उघडल्याशिवाय सांगता येतं. हीटरच्या टर्मिनलवर तिन्ही लाइन व्होल्टेज मोजा. तिन्ही ४१५ असतील तर सप्लाय ठणठणीत आहे, एलिमेंट तुटलंय. त्याच तुटलेल्या एलिमेंटच्या दोन टोकांवर मीटर लावलात तर २४० ऐवजी सुमारे ३५९ व्होल्ट दिसतील, कारण आर २४० वर आहे आणि स्टार पॉइंट उलट दिशेला १२० वर सरकलाय. याउलट फ्यूज गेला असेल तर त्या एलिमेंटवर शून्य व्होल्ट दिसतील आणि लाइन व्होल्टेज दोन ठिकाणी सुमारे २०७ आणि एका ठिकाणी ४१५ येतील. मेलेलं टर्मिनल त्याच्या एलिमेंटमधून स्टार पॉइंटच्या पातळीला येऊन बसलेलं असतं. लाइव्ह पॅनेलवर मोजायचं तर योग्य कॅटेगरीचा मीटर, हातमोजे आणि सोबत एक माणूस, हे गृहीत धरतोय. मोटरला मात्र हे आकडे लावू नका. चालत्या मोटरचा एक फेज गेला तर ती स्वतःच त्या फेजवर व्होल्टेज तयार करते, आणि उरलेल्या दोन फेजमधला करंट कमी होण्याऐवजी वाढतो.

मित्राच्या ४१.३ किलोवॅटबद्दल एक सांगायचं राहिलं. तो आकडा हवेतून आलेला नाही. त्याच तीन कॉइल डेल्टामध्ये जोडल्या असत्या तर प्रत्येकीला खरोखरच ४१५ व्होल्ट मिळाले असते, प्रत्येकीतून ४१.५ अँपिअर गेला असता, लाइनमध्ये ७१.९ अँपिअर दिसला असता आणि पॉवर ४१३३४ वॉट झाली असती. म्हणजे मित्राने स्टारचं गणित वाचून डेल्टाचं सोडवलं. कागदावर ही एका मार्काची चूक. प्रत्यक्षात २४० व्होल्टचे हीटर स्टारऐवजी डेल्टात जोडले गेले तर प्रत्येक एलिमेंट तिप्पट पॉवर ओढतं, आणि वेळेवर ट्रिप झालं नाही तर लाल होऊन तुटतं. टर्मिनल बॉक्समध्ये फरक असतो तो पट्ट्यांच्या जागेचा. तीन टर्मिनल एका ओळीत आडवी जोडलेली असली की स्टार, आणि वरची खालच्यांना उभी जोडलेली असली की डेल्टा. सहा टर्मिनलच्या मोटरमध्ये तरी हे नक्की असतं. हीटरमध्ये बनवणाऱ्यागणिक मांडणी बदलते, तिथे आकृती बघायचीच.

तुमच्या २३.९ किलोवॅटची मात्र कुठलीच जोडणी नाही. स्टारला १३.८, डेल्टाला ४१.३, मधलं काही नाही. उत्तर या दोघांच्या मधे आलं की व्होल्टेज एका जोडणीचं आणि करंट दुसऱ्या जोडणीचा घेतला गेलाय, हे ओळखायची ती खूण आहे.

शेवटी, √3 कधी साथ सोडतो? वरचं सगळं साइन वेव्हसाठी आहे. लोड समतोल असला तरी तो संगणक, एलईडी ड्रायव्हर असल्या रेक्टिफायरवाल्या गोष्टींचा असेल तर करंटमध्ये १५० हर्ट्झचा तिसरा हार्मोनिक शिरतो. तो तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी वर जातो आणि एकाच वेळी खाली येतो, त्यामुळे न्यूट्रलमध्ये एकमेकांना मारण्याऐवजी तिन्हींची बेरीज होते. तिन्ही लाइन करंट सारखे आणि तरीही न्यूट्रल तापलेला, हे चित्र अशा इमारतींत दिसतं. फेज व्होल्टेजमध्ये तोच हार्मोनिक असेल तर वजाबाकीत तो निघून जातो, लाइन व्होल्टेजमध्ये उतरत नाही, आणि लाइन भागिले फेज हे प्रमाण १.७३२ पेक्षा थोडं कमी भरतं. मोजताना ट्रू आरएमएस मीटर वापरलात आणि तरीही १.७० च्या आसपास आलं, तर आधी कॉइलवर शंका घेण्याऐवजी सप्लायचा वेव्हफॉर्म ऑसिलोस्कोपवर बघा.